परक्या बाजारातला नकार

बीडच्या सुभाष रोडवर कापडाच्या गल्ल्यावर तीस वर्षे बसल्यावर माणसाला एक गोष्ट आपोआप कळू लागते. ग्राहकाचा कोणता नकार खरा आणि कोणता नकार म्हणजे पुढच्या बोलण्याला दिलेली वाट, हे त्याच्या पहिल्या वाक्यातच ओळखता येते. "रंग जरा भडक आहे" असे म्हणणारा ग्राहक गेलेला नसतो; त्याच्यापुढे दुसऱ्या रंगाचे ठाण उलगडायचे असते. "आज घाई आहे, उद्या येतो" म्हणणाऱ्याला "घेऊ नका, नुसते पाहून तर जा" एवढे म्हटले की तो बहुधा थांबतो. पण जो ग्राहक किंचित हसून, हात जोडून "नको शेठ" एवढेच म्हणतो आणि पायरी उतरूनही गेलेला असतो, त्याला कोणीही परत बोलावीत नाही. त्याने कारण दिलेले नसते, त्यामुळे खोडून काढण्यासारखे आपल्या हातात काही उरत नाही.

हे आपण गल्ल्याच्या आतल्या बाजूने रोज पाहतो. मात्र परदेशी गेलो की आपण गल्ल्याच्या बाहेर असतो, आणि तेथे मुरलेला व्यापारीसुद्धा नवख्या ग्राहकासारखा वागतो. दोन वर्षांपूर्वी बँकॉकच्या सहलीत आमच्या घरात हे घडले. ते सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता सुट्टीसाठी आणि मालखरेदीसाठीही थायलंडला जातात, आणि जो फटका आम्हाला बसला तो चार लहान शब्दसमूहांनी टळण्यासारखा होता.

सहलीतील एक सकाळ मोकळी होती. माझे आतेभाऊ आणि वहिनी दोघेच राजवाडा पाहण्यास निघाले. बँकॉकचा हा भव्य राजवाडा सकाळी ८.३० पासून दुपारी ३.३० पर्यंत प्रवेशासाठी खुला असतो. भिंतीच्या कडेने प्रवेशद्वाराकडे चालत असता इस्त्रीचा शर्ट घातलेले, गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी लटकविलेले एक गृहस्थ त्यांच्याजवळ आले आणि सौम्य इंग्रजीत त्यांनी विचारले, "कोठे निघालात?" भाऊंनी सांगितले, राजवाड्याला. "अरेरे, आज धार्मिक विधी आहे. दुपारी एकनंतर उघडेल." मग आपुलकीची विचारपूस झाली. कोणत्या देशाचे? किती दिवस मुक्काम? काय व्यवसाय? भाऊ प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देत गेले. त्या गृहस्थांनी नकाशावर खुणा करून दिल्या: एक लहान मंदिर, मग दुसरे, आणि "सरकारी" रत्नविक्री केंद्र, जेथे म्हणे सवलतीचा तो शेवटचा दिवस होता. शेजारी एक टुकटुक, म्हणजे तेथील तीनचाकी रिक्षा, उभीच होती. या साऱ्या फेरीचे भाडे फक्त २० बाट.

एवढ्या लांबच्या फेरीला २० बाट परवडत नाहीत, हे कोणाही व्यापाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते. त्या चालकाची कमाई भाड्यातून होतच नाही. गिऱ्हाईक दुकानात पोहोचविले की दुकानदार त्याला पेट्रोलचे कूपन किंवा दलाली देतो, आणि गिऱ्हाइकाने खरेदी केली तर त्यात त्याचा वाटा असतो. पुढे लहान मंदिराच्या अंगणात आणखी एक सभ्य गृहस्थ "सहज" भेटले. आपण दरवर्षी याच केंद्रातून खडे नेतो आणि परदेशात विकून प्रवासाचा खर्च काढतो, असे त्यांनी सांगितले. दोन अनोळखी माणसे एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरी असावी, असे भाऊंना वाटले. ती दोघे एकाच साखळीतील असू शकतात, हे लक्षात आले नाही. दुकानात नीलमणी दाखविले गेले. गावी दुप्पट दराने जातील, असा हिशेब मांडला गेला, आणि साठ हजार रुपयांच्या आसपास रक्कम कार्डावरून गेली. "पार्सलने घरी पाठवतो, विमानतळावर कटकट नको," असा आग्रहही झाला. माल हातात नसला की ग्राहकाला दोन दिवस तरी शंका येत नाही, हे त्यामागचे कारण. वहिनींनी मात्र डबी सोबतच घेतली.

परत येताना टुकटुक राजवाड्यावरून गेली. दरवाजा उघडा होता आणि सकाळपासून आत जाणाऱ्यांची रांग लागलेली होती. अनोळखी माणसांच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, अशा अर्थाची सूचनाही प्रवेशद्वाराजवळ लावलेली होती. पण त्या सूचनेपर्यंत पोहोचण्याआधीच भाऊंना वळविण्यात आले होते.

त्याच संध्याकाळी आमच्या परिचयातील एका गुजराती कुटुंबाकडे जेवण होते. हे काका अनेक वर्षे बँकॉकच्या सिलोम भागात रत्नांचा व्यापार करतात. त्या भागात आपल्या समाजातील रत्नव्यापाऱ्यांची बरीच मोठी वस्ती आहे. त्यांनी डबी उघडून खडे पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खडे खोटे नाहीत. पण हलक्या प्रतीचे आहेत, आणि किंमत मोठी लावली आहे. खोटे असते तर तक्रार सोपी होती." मग थांबून त्यांनी भाऊंना विचारले, "पहिल्या माणसाला तुम्ही काय उत्तर दिलेत?"

भाऊ म्हणाले, "त्याने विचारले कोठे निघालात, मी सांगितले राजवाड्याला."

"तेथेच सौदा सुरू झाला," काका म्हणाले. "खड्यांच्या दुकानात 'नको' म्हणायला फार उशीर होतो. 'नको' त्या फुटपाथवर म्हणायचे असते, आणि त्यांच्या भाषेत म्हणायचे असते."

त्यांच्या भाषेत का, हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला. काकांचे उत्तर विचार करण्यासारखे होते. इंग्रजीत दिलेला नकार विक्रेत्याला दोन गोष्टी सांगतो: हा पाहुणा नवा आहे, आणि याच्याशी पुढे इंग्रजीत बोलता येईल. थाई भाषेतील दोन शब्द याच्या उलट सांगतात: हा माणूस येथे पूर्वी येऊन गेला असावा, येथील भाव याला ठाऊक असावेत. शिवाय आपल्या भाषेत, आदराने दिलेला नकार कोणालाही बोचत नाही. विक्रेताही हसतो आणि पुढच्या पाहुण्याकडे वळतो.

मग त्यांनी पत्नीच्या वहीत चार शब्दसमूह लिहून दिले. ते शिकविताना त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. इंग्रजीत 'नो' हा एकच शब्द सर्वत्र चालतो. मराठीत मात्र 'नाही' वेगळे आणि 'नको' वेगळे. "हे रेशीम आहे का?" याला आपण 'नाही' म्हणतो, आणि "हे घेता का?" याला 'नको'. थाई भाषेतही असाच भेद आहे. तेथे सर्व ठिकाणी चालणारे एकच 'नाही' नसते. ज्या क्रियापदाने विचारले, त्याच्याच आधी नकाराचा शब्द लावून उत्तर देतात. हा नकाराचा शब्द म्हणजे 'माय'. आवाज वरून खाली सोडत तो म्हणायचा.

पहिला शब्दसमूह 'माय आव'. 'आव' म्हणजे घेणे, हवे असणे. म्हणून 'माय आव' हे जवळजवळ आपले 'नको'. वस्तू पुढे करणाऱ्या कोणाही विक्रेत्यासाठी हे आहे. येथे एक गंमत आहे. विक्रेता विचारतो तेव्हा त्याचा प्रश्नही 'आव माय?' असाच ऐकू येतो, म्हणजे 'हवे का?' दोन्हींतील 'माय' स्वराच्या चढउताराने वेगळे आहेत, पण आपल्या कानाला ते सारखेच वाटतात. तेव्हा क्रम लक्षात ठेवावा: 'माय' शेवटी आले तर प्रश्न, आधी आले तर नकार.

दुसरा 'माय पाय', म्हणजे 'जायचे नाही'. हा रिक्षावाले, टॅक्सीवाले आणि नाववाले यांच्यासाठी. मराठी माणसाला हा विसरणे अशक्य आहे, कारण वाहन नाकारताना आपले पाय आठवतातच. तिसरा 'मी लॅव', म्हणजे 'आहे आधीच'. गळ्यात पिशवी असताना पिशवी विकू पाहणाऱ्याला किंवा नावेचे तिकीट काढल्यावर दुसरे तिकीट देऊ करणाऱ्याला हा उपयोगी पडतो. मात्र वस्तू खरोखर जवळ असेल तरच तो वापरावा. चौथा 'खॉप खुन', म्हणजे 'आभारी आहे'. हा एकटा किंवा वरच्या कोणत्याही नकाराच्या मागे जोडता येतो.

या चारांच्या शेवटी एक लहान शब्द लावावाच लागतो, आणि सारी सभ्यता त्यातच आहे. बोलणारा पुरुष असेल तर 'ख्रप', स्त्री असेल तर 'खा'. नुसते 'माय आव' हे लहान मुलाने आईला म्हणावे तसे तुटक वाटते. 'माय आव ख्रप' म्हटले की त्यात आपल्या 'जी'चा आदर येतो. समोर कोण आहे यावर हा शब्द ठरत नाही, बोलणारा कोण आहे यावर ठरतो. आपल्याकडे पुरुष 'जातो' म्हणतो आणि स्त्री 'जाते' म्हणते, तसेच हे. 'ख्रप'मधील र बोलण्यात बहुधा गळतो आणि 'खप' एवढेच ऐकू येते, तेही ओठ मिटून, शेवटचा प् न फोडता. 'खा' तोंडातल्या तोंडात, आखूड आणि खाली उतरत्या स्वरात म्हणावा.

उच्चाराची फार भीती बाळगू नये. थाई भाषेत प आणि फ, क आणि ख, त आणि थ हे आपल्यासारखेच निरनिराळे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा भेद साधत नाही. आपल्याला तो जन्मतःच येतो. स्वरांचे चढउतार मात्र आपल्याकडे नाहीत, त्यामुळे तेथे थोडी चूक होणारच. पण हातात टोपी घेऊन उभा असलेला विक्रेता आणि मान किंचित हलवून पुढे जाणारा ग्राहक, एवढ्या प्रसंगात अर्थ चुकण्याची शक्यता फारशी नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सारे प्रतुनाम भागातील कपड्यांच्या घाऊक बाजारात गेलो. पत्नीने वही पर्समध्ये ठेवली आणि चौघांच्या पुढे ती चालू लागली. पहिल्या दहा मिनिटांत माझ्याच हातून दोन चुका झाल्या. एका मुलीने रुमाल पुढे केले. मी 'माय आव ख्रप' म्हटले खरे, पण म्हणताना थांबलो आणि सवयीने कापडाचा पोत बोटांत धरून पाहिला. तिने लगेच गणकयंत्रावर भाव टंकून माझ्यासमोर धरला. तिचे काहीच चुकले नाही. आपल्याही दुकानात ज्याचा हात कापडावर आहे त्याचे 'नको' आपण ऐकून घेत नाही. दुसऱ्या वेळी मी नकार देऊन वर 'फार मोठे आहे' अशी खूण केली, आणि तिने लहान मापाचे काढले. कारण दिले की चर्चा सुरू होते, हे मी तीस वर्षे दुसऱ्यांवर अजमावीत आलो होतो. त्या दिवशी ते माझ्यावर आले.

पत्नीचे मात्र साधत होते. ती चालण्याची गती बदलत नसे, विक्रेत्याकडे क्षणभर पाहून हसे, 'माय आव खा, खॉप खुन खा' एवढे एकदाच म्हणे आणि नजर पुढे नेई. कोणी पुन्हा बोलावले तरी ती दुसऱ्यांदा उत्तर देत नसे. फार तर मान हलवी. काकांनी यावर विशेष भर दिला होता: नकार एकदाच द्यावा. दुसऱ्यांदा दिलेला नकार म्हणजे संवाद, आणि तिसऱ्यांदा आवाज चढतो. थाई लोकांत आवाज चढविणे हे दोघांच्याही अब्रूला कमीपणा आणणारे समजले जाते, आणि चढलेल्या आवाजाने विक्रेता दूर न होता भोवती माणसे जमतात.

त्याच दिवशी या उपायाची एक मर्यादाही दिसली. सुखुमवित रस्त्यावर सुटाबुटाच्या शिंप्यांची दुकाने आहेत आणि त्यांच्या दारात उभे असलेले पुष्कळजण आपल्याच देशाकडचे असतात. "भाईसाहब, इंडिया से? मुंबई? पूना?" अशी हाक आली की परक्या मुलुखात पाय आपोआप थांबतो. येथे भाऊंनी प्रश्नाचे उत्तर न देता, हसून, 'माय आव ख्रप' म्हटले. त्या तरुणाला थाई कळत होतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाऊंनी आपले गाव सांगितले नाही. 'कोणत्या गावचे?' हा प्रश्न माहितीसाठी नसतो, थांबविण्यासाठी असतो. प्रश्न कोणताही असो, उत्तर प्रश्नाला न देता त्यामागच्या मागणीला द्यावे. तरुण हसला आणि "ठीक है, भाईसाहब" म्हणून बाजूला झाला.

रात्री आम्ही राजवाड्याच्या सकाळीचा हिशेब पुन्हा मांडला, या वेळी नवे शब्द हाताशी घेऊन. "कोठे निघालात?" असे विचारणाऱ्या गृहस्थाने अजून काहीच विकायला काढलेले नव्हते, त्याला 'माय आव' म्हणणे विचित्र दिसले असते. त्याला फक्त 'खॉप खुन ख्रप' म्हणायचे आणि चालत राहायचे. "आज बंद आहे" याचेही उत्तर तेच, आणि पाय दरवाज्याकडेच. राजवाडा उघडा आहे की नाही, हे तिकीटखिडकीपाशीच कळते. राजघराण्यातील विधींसाठी तो कधी कधी खरोखर बंद असतो, परंतु तेही दरवाज्यावरच समजते. चार पावले वाया जातील, यापलीकडे नुकसान नाही. टुकटुकवाल्याने २० बाट सांगितले, तेथे 'माय पाय ख्रप'. आणि समजा, इतके होऊनही दुकानात पोहोचलोच, तर 'माय आव ख्रप' म्हणून बसण्याआधीच बाहेर पडायचे. समोर आलेले सरबत घ्यायचे नाही. साखळीच्या प्रत्येक कडीला एक नकार होता आणि पहिला नकार सर्वांत स्वस्त होता. फुटपाथवर तो दोन शब्दांत देता आला असता. दुकानात, तासाभराच्या आदरातिथ्यानंतर, तो देताना संकोचाचे ओझे येते, आणि विक्रेता त्या ओझ्यावरच भिस्त ठेवून असतो.

आपल्यासाठी एक वेगळा प्रसंग खाण्याच्या गाड्यांचा. तेथील विक्रेती प्रेमाने काडीला टोचलेला तुकडा चाखायला पुढे करते, आणि त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. येथे कारण सांगितल्याने घासाघीस सुरू होत नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. 'किन चे खा' किंवा 'किन चे ख्रप' म्हणावे. 'किन' म्हणजे खाणे, आणि 'चे' हा तेथील कडक शाकाहार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. पिवळ्या निशाणावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला दिसतो. मात्र बटाटा, मुळा यांसारखे कंद त्यात चालतात, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी 'चे' या एका शब्दावर भिस्त ठेवू नये. तुकडा नाकारण्यास मात्र तो पुरेसा आहे, आणि तो ऐकून विक्रेती बहुधा आदरानेच हात मागे घेते.

हे शब्द कोठे वापरू नयेत, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे आपण होऊन गेलो, त्याला ते लागू नाहीत. रस्ता विचारल्यावर दुकानातून बाहेर येऊन वाट दाखविणारी माणसे बँकॉकमध्ये आम्हाला रोज भेटली. त्यांच्याशी तुटक वागणे अन्यायाचे ठरेल. कोण कोणाकडे गेले, एवढा एकच प्रश्न मनाशी विचारावा. आपण गेलो असू तर बोलावे. तो आला असेल आणि प्रश्नाने सुरुवात करीत असेल तर आभार मानून चालावे. वस्तू खरोखर हवी असेल तर आधी 'माय आव' म्हणून भाव पाडण्याची युक्ती करू नये. तसे केले की पुढच्या गल्लीत दिलेला खरा नकारही कोणी खरा मानणार नाही. 'नंतर येतो' हे तर मुळीच म्हणू नये. बाजाराची वाट एकच असते. परतताना तोच विक्रेता तोच चेहरा ओळखून उभा असतो, आणि आपण दिलेला शब्द त्याच्या हाती असतो. साधूंना सांगितलेल्या भाषासमितीत बोलणे मोजके आणि खरे असावे असे म्हटले आहे. बाजारात ते पाळणे सोयीचेही ठरते.

मालासाठी चीनला जाणाऱ्यांना हीच रीत तेथेही कामी येते. इवूच्या घाऊक बाजारात 'बू याव, श्ये श्ये' म्हणजे 'नको, आभार'. 'याव' म्हणजे हवे असणे, म्हणून 'बू याव' हेही 'नाही' नसून आपले 'नको'च आहे. नुसते 'श्ये श्ये' म्हटले तर त्याचा अर्थ होकारही घेतला जाऊ शकतो, म्हणून आधीचा भाग गाळू नये. दुबईच्या देरा भागात 'ला, शुक्रन' पुरते. 'ला' म्हणजे नाही, 'शुक्रन' म्हणजे आभार. तेथे हाक मारणारे पुष्कळजण हिंदी बोलतात, तेव्हा हिंदीत उत्तर देण्याचा मोह आवरावा. शब्द बदलतात, पण रीत तीच: न थांबता, कारण न देता, एकदाच, हसून.

फसगत झालीच तर थायलंडमध्ये पर्यटन पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. पावती, दुकानाचे कार्ड आणि कार्डावरील व्यवहाराची नोंद जपून ठेवावी, आणि देश सोडण्यापूर्वीच तक्रार करावी. भाऊंनी काकांच्या आग्रहावरून दुसऱ्या दिवशी फोन केला आणि दुकानाशी बोलणी झाली. पूर्ण रक्कम नाही, पण मोठा भाग परत मिळाला. त्यासाठी सहलीतील एक संपूर्ण दिवस खर्ची पडला, आणि राजवाडा शेवटपर्यंत पाहायचा राहिलाच.

एक लहान खडा मात्र भाऊंनी परत दिला नाही. तो आज त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या खणात असतो. परवा त्यांच्याकडे गेलो असताना एक ग्राहक कापड पाहून, हात जोडून, "नको भाऊ" म्हणाला आणि पायरी उतरला. दुकानातील मुलगा त्याला हाक मारायला निघाला होता. भाऊंनी त्याला अडविले आणि म्हणाले, "राहू दे. त्याने नीट सांगितले आहे."